ट्रान्सलेशन मेमरीतल्या १०० टक्के जुळणीबद्दल खुलासा

“मेमरीत १०० टक्के जुळलेलं वाक्य पुन्हा वाचायची गरज नाही, लॉक करून पुढे चला.” बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या अनुवादकांच्या ग्रुपवर हा मेसेज फिरतोय.

हे अर्धंच खरं आहे. १०० टक्के म्हणजे फक्त ते इंग्रजी वाक्य जसंच्या तसं पूर्वी येऊन गेलंय. त्याच्या आधी काय होतं, हे त्या आकड्यात धरलेलं नसतं.

समजा, पिठाच्या गिरणीच्या जुन्या मॅन्युअलमध्ये आधीचं वाक्य पट्ट्याबद्दल होतं आणि पुढे आलं, “झिजला असल्यास बदला.” नव्या आवृत्तीत पट्ट्याऐवजी साखळी आली. पुढचं इंग्रजी वाक्य मात्र तेच, कारण इंग्रजीत तिथे लिंग दिसतच नाही. मेमरी १०० टक्के दाखवते, आणि साखळीखाली छापलं जातं “झिजला”. वाक्य लॉक असेल तर तपासणाऱ्याचीही नजर तिथे जात नाही.

शेजारचं वाक्यही जुळलं तर Trados Studio मध्ये CM आणि memoQ मध्ये 101% दिसतं. लॉक करायचंच तर तेवढंच करा, तेही मधल्या काळात शब्दसूची बदलली नसेल तर.

दुरुस्ती करताना “झिजला” पुसून “झिजली” लिहू नका, नाहीतर पट्टेवाल्या मॉडेलच्या पुढच्या आवृत्तीत उलटी चूक येईल. संदर्भासह नवी नोंद म्हणून जतन करा.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.