येवल्याहून परत न आलेली माणसं

आमच्या ऑफिसात फिरतीवरच्या मुलांचा प्रवासभत्ता मी काढतो. त्यासाठी साहेबांनी एक्सेलमधला अंतरांचा तक्ता पाठवला. नाशिक जिल्ह्यातले १५ तालुके आडवे, तेच १५ उभे, आणि आकडे फक्त खालच्या अर्ध्यात, जिन्याच्या पायऱ्यांसारखे.

मी भाबडेपणानं त्यावर फॉर्म्युला लावला. येवल्याहून नाशिक शोधलं तर किलोमीटरचा आकडाच नाही; उलट शोधलं तर बरोबर. म्हणजे पोरं येवल्याला जात होती, पण हिशोबानं परत येत नव्हती. पैठणी बघत बसली असावीत.

वरचे १०५ आकडे हातानं भरायला घेतले. चाळिसाव्याला कुणीतरी मिसळ आणली आणि त्यानंतर सिन्नरचं अंतर सुरगाण्याला चिकटलं. शेवटी अकाउंटच्या ताई म्हणाल्या, "अहो, तक्ता आडवा पाडा ना!"

रीत सोपी. मूळ चौकोन कॉपी करून नव्या शीटवर पेस्ट करायचा. मग मूळ शीटवरचा तोच चौकोन पुन्हा कॉपी करून नव्या शीटवर त्याच जागी `Paste Special` उघडायचं, `Skip blanks` आणि `Transpose` दोन्हींवर टिक करायची. आडवं उभं होतं, आणि रिकामे कप्पे खालच्या आकड्यांना हात लावत नाहीत.

मी ओके दाबलं. वरचा अर्धा भरला, खालचा गेला! जिना उलटा झाला, एवढंच. तक्ता करणाऱ्या सद्गृहस्थानं रिकामे कप्पे बरे दिसत नाहीत म्हणून प्रत्येकात `-` टाकून ठेवलं होतं. माणसाला ते रिकामं, एक्सेलला भरलेलं. मूळ तक्त्यावर `Find and Replace` उघडून, `Match entire cell contents` वर टिक करून सगळ्या आडव्या रेघा पुसल्या आणि पुन्हा तेच केलं.

मग मोजणी. १५ गुणिले १५ म्हणजे २२५, त्यातून कर्णावरचे, गावापासून त्याच गावापर्यंतचे, १५ कप्पे वजा, उरले २१०.

```
=COUNT(B2:P16)
```

उत्तर २०८. दोनच कमी म्हणजे चूक मुळात एकच, आरशात दोनदा दिसलेली. शोधलं तर चांदवडच्या ओळीत एका आकड्यापुढे "किमी" असं प्रेमानं लिहिलेलं. तो आकडा उरलाच नव्हता, मजकूर झाला होता.

एवढं झाल्यावर साहेब म्हणाले, "मला यादी हवी, कुठून, कुठे, किती." पॉवर क्वेरीत तक्ता घेतला, गावांचा पहिला स्तंभ निवडून `Unpivot Other Columns` केलं. कर्णावरचे रिकामे कप्पे आपोआप गळाले, २१० ओळी आल्या. अर्ध्या तक्त्यावर हेच केलं असतं तर १०५ आल्या असत्या आणि पोरं पुन्हा येवल्यातच अडकली असती.

यादी पाठवून चहा घेतला. तेवढ्यात त्र्यंबकचा पोरगा बिल घेऊन आला. जाताना ३०, येताना ३७.

"रस्ता खोदलाय साहेब, वळसा घालून आलो."