पगार कमी आला म्हणजे चोरी, आणि जुळला म्हणजे सगळं ठीक?

“गेल्या महिन्यापेक्षा खात्यात कमी पगार आला तर कंपनीने पैसे खाल्ले समजा. पीएफ पासबुकात कंपनीचा हिस्सा तुमच्यापेक्षा कमी दिसतो, तीही चोरीच. स्लिपवरचा नेट पे आणि जमा रक्कम जुळली तर मात्र निर्धास्त राहा. सुट्टीमुळे पगार लांबला तर चालतं, पण सात तारीख उलटली की रोजचा दंड आपोआप मिळतो. सगळ्यांना पाठवा!”

हे काल भाचीने पाठवलं. तिची पहिलीच नोकरी, आणि निघाली होती थेट एचआरशी भांडायला. म्हणून हे लिहितोय.

आधी कमी आलेल्या पगाराचं. पुण्यातल्या एखाद्या पुरुष कर्मचाऱ्याचा महिन्याचा एकूण पगार 32,000 धरा, त्यात बेसिक 16,000. पीएफ पूर्ण बेसिकवर 12 टक्के म्हणजे 1,920, व्यवसाय कर 200, हातात 29,880. जूनमध्ये दोन दिवस बिनपगारी रजा झाली आणि खात्यात आले 27,850. फरक 2,030. आता हिशेब बघा. तीस दिवसांनी भागल्यावर दोन दिवसांचे 2,133 गेले. बेसिक कमी झाल्याने पीएफही 128 ने कमी कापला गेला. आणि महाराष्ट्रात कामगार कल्याण निधीचे 25 रुपये जून आणि डिसेंबरमध्येच कापतात, ते वाढले. 2,133 वजा 128 अधिक 25, झाले 2,030. फेब्रुवारीत व्यवसाय कर 300 असतो, तेव्हाही असाच गोंधळ उडतो. (स्त्रियांना 25,000 पगारापर्यंत हा कर नाहीच.) भांडायची जागा एकच आहे: काही ठिकाणी 30 ऐवजी 26 ने भागतात. मग दोन दिवसांचे 2,462 जातात. नेमणूकपत्रात आणि रजेच्या नियमात काय लिहिलंय ते काढून बघा.

आणि हो, ताळा खात्यातल्या शिलकीशी नव्हे, स्टेटमेंटमधल्या पगाराच्या जमा नोंदीशी करायचा. त्याच दिवशी कर्जाचा हप्ता गेला तर शिल्लक कमी दिसणारच.

पासबुकाचा मुद्दा तर निव्वळ अज्ञान आहे. याच माणसाच्या जूनच्या नोंदीत कर्मचारी हिस्सा 1,792, कंपनी हिस्सा 548 आणि पेन्शन 1,244 दिसेल. कंपनीही 1,792 च भरते. त्यातले पगाराच्या 8.33 टक्के पेन्शन योजनेत जातात आणि पेन्शनसाठी पगार जास्तीत जास्त 15,000 धरतात, म्हणून तो आकडा 1,250 च्या वर जात नाही. 548 आणि 1,244 ची बेरीज करून बघायला काय हरकत होती? अर्धसत्य एवढंच की बऱ्याच ठिकाणी कंपनीचा हिस्सा सीटीसीत मोजलेला असतो. तो ‘तुमच्याच पॅकेजमधला’ आहे ही कुरकुर खरी. पण ती चोरी नव्हे.

या सगळ्यात घातक वाक्य ‘निर्धास्त राहा’ हे आहे. नेट पे जुळणं म्हणजे कंपनीने पीएफ कापला, एवढंच. तो भरला की नाही, हे स्लिपही सांगत नाही आणि बँकही. जूनचा पीएफ 15 जुलैपर्यंत भरावा लागतो. चार-आठ दिवस थांबून उमंग ॲपवर किंवा `passbook.epfindia.gov.in` वर जूनच्या पगाराची नोंद शोधा. नोंद आहे पण रक्कम कमी, तर कंपनीने कमी वेतनावर भरलाय. नोंदच नाही, तर आधी एचआरला लेखी विचारा, आणि पुढचा महिनाही कोरा गेला तर स्लिप आणि स्टेटमेंट जोडून `epfigms.gov.in` वर तक्रार करा. ज्या कंपनीचे पैसे अडतात ती बहुधा आधी हेच भरणं थांबवते, कारण ते कोणाला दिसत नाही.

उशिराबद्दल. वेतन संहिता 2019 च्या कलम 17 नुसार महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यायचा असतो, आणि ही संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे. दंड मात्र आपोआप खात्यात पडत नाही. प्राधिकाऱ्याकडे दावा करावा लागतो, मग भरपाई ठरते. सुट्टीचं कारण तर शिळं झालं: एनईएफटी डिसेंबर 2019 पासून चोवीस तास चालते, आणि पगाराच्या फायली जिथून जातात ती NACH नावाची बँकांची यंत्रणा 1 ऑगस्ट 2021 पासून रविवारीही चालते.

तरीही आला नाही, तर एकाच बँकेत खातं असलेल्या सहकाऱ्यांना विचारा. त्या बँकेतल्या सगळ्यांचा अडकला असेल तर फाईल तिथेच अडली. फक्त तुमचाच असेल तर खाते क्रमांक, बँकेच्या विलीनीकरणात बदललेला आयएफएससी आणि केवायसीअभावी गोठलेलं खातं तपासा. मग कंपनीकडून यूटीआर क्रमांक मागा. तो मिळाला तर बँकेला माग काढता येतो. ‘पाठवलाय’ म्हणतात पण क्रमांक देत नाहीत, तर बहुतेक वेळा पाठवलेलाच नसतो.