पिनकोडची बॅटरी

आमच्या घरात वस्तू एकेकट्या मरत नाहीत. गेल्या शनिवारी सकाळी आईचा जपाचा काउंटर, बाबांची टॉर्च आणि लेकीचा ब्लूटूथ स्पीकर, असे तिघांनी एकदमच डोळे मिटले. आईचा जप ८७,४१२ वर अडकला होता. आकडा इतका फिकट दिसत होता की आई चष्म्यावर आणखी एक चष्मा लावून तो वाचत होती.

"तिन्हींचे सेल घेऊन ये," बायको म्हणाली. ती हे "कोथिंबीर घेऊन ये"च्या सुरात म्हणाली, म्हणून मीही कोथिंबिरीसारखाच निघालो. रिकाम्या हाताने.

एम. जी. रोडवरच्या त्या अरुंद दुकानात पोरगेलासा मालक होता. मी म्हटलं, "तीन सेल द्या."

"कोणते, काका?"

"एक छोटा, एक मोठा आणि एक चपटा."

त्याने माझ्याकडे डॉक्टर बघतात तसं पाहिलं. पोटात दुखतंय एवढंच सांगणाऱ्या पेशंटकडे बघतात ना, तसं. "काका, नळकांडं असेल तर वेगळं, बटन असेल तर वेगळं, पाऊच असेल तर वेगळं. आणि तिन्हींचे आकडे वाचायची रीतसुद्धा वेगळी. वस्तू आणा."

इंदिरानगरहून एम. जी. रोडची दुसरी फेरी. आता पिशवीत वस्तू होत्या आणि डोक्यावर ऊन.

टॉर्चमधून निघालं नळकांडं. आपल्या पेन्सिल सेलचंच, पण व्यायामशाळेत जाऊन आलेलं. त्यावर १८६५० लिहिलेलं. बाबांनी सकाळीच तो आकडा वाचून "अठरा हजार सहाशे पन्नास? एवढ्यात तर नवी गाडी सजवून घेतली असती!" असं म्हणून टॉर्च पुन्हा बंद केली होती. किंमत नव्हती ती. १८ म्हणजे मिलिमीटरमध्ये व्यास, ६५ म्हणजे लांबी, आणि शेवटचं शून्य म्हणजे हा गोल आहे. तो गोल आहे हे मला त्या शून्याशिवायही दिसत होतं, पण असो.

तसलाच दुसरा एक सेल शोकेसमध्ये होता, त्यावर ९९०० एमएएच असं ठळक लिहिलेलं. मी म्हटलं, हाच द्या, जास्त चालेल. मालक हसला. या आकाराच्या चांगल्या सेलमध्येही साधारण ३५०० च्या आसपासच मावतं. त्याहून फार जास्त लिहिलेलं दिसलं, तर तिथे फक्त छपाई जास्त भरलेली असते. आणि तो सेल तो फक्त गिऱ्हाइकांना दाखवायला ठेवतो, विकायला नाही. दुकानदाराने स्वतःच्या शोकेसची अशी चहाडी केलेली मी पहिल्यांदा ऐकली.

मग आईचा काउंटर. त्यातलं बटन शर्टाच्या गुंडीएवढं. मी मोठ्या आत्मविश्वासाने म्हटलं, "हे तर एलआर ४४ असणार, घड्याळात, खेळण्यात, सगळीकडे तेच असतं." त्याने मुकाट्याने एलआर ४४ दिला. बरोब्बर तेवढंच गोल! बसवला, तर झाकण अर्धवट उघडं. आई जपाला बसल्यावर टपरवेअरसारखं ते दाबून धरून राहील, अशी माझी कल्पना होती.

"आता जुनं बटन पालथं करा," तो म्हणाला. पाठीवर बारीक अक्षरात एलआर ११३० होतं. व्यास दोघांचाही ११.६ मिमी, पण एलआर ४४ ची जाडी ५.४ आणि ११३० ची जेमतेम ३. तेव्हा मला वाटलं, चला, ११ म्हणजे व्यास आणि ३० म्हणजे तीन मिलिमीटर जाडी, रीत कळली. मग ४४ म्हणजे? चार मिलिमीटर व्यास? चव्वेचाळीस? "४४ म्हणजे काही नाही, तो जुन्या साइजचा नुसता नंबर आहे," तो म्हणाला. म्हणजे रीत कळल्यावर लगेच तिचा अपवाद. अगदी आमच्या मराठी शाळेतल्या व्याकरणासारखं.

मात्र वाटीसारखी दोन बटनं शेजारी ठेवून एक गोष्ट कळली, की अक्षरं असलेली रुंद बाजू ही अधिक, आणि ती बहुधा वर येते. मी इतकी वर्षं जे पालथं घालत होतो, ते आता उताणं घालू लागलो.

खरी गंमत स्पीकरची. तो उघडला तर आत चंदेरी कागदात गुंडाळलेली चपटी वडी, तिला लाल-काळ्या तारा आणि वर पिवळी टेप. धातूचा डबा नाही, नुसता पातळ लवचीक कागद, म्हणून हाताला ती मऊ लागायची. यालाच पाऊच म्हणतात. स्टिकर फाटलेला, फक्त "३.७ व्होल्ट ५०० एमएएच" शिल्लक होतं. मी घरून पट्टी लावून मोजून आणलं होतं: ४० मिमी लांब, ३० मिमी रुंद, ८ मिमी जाड. वहीत नीट लिहून.

"आठ?" मालकाचे डोळे मोठे झाले. "काका, ती फुगलीय!"

खरंच, ती तळलेल्या पुरीसारखी टम्म होती. आत वायू झाला होता. मी विचारलं, "टाचणीने हवा काढू का?" तर दुकानातली चारही गिऱ्हाइकं माझ्यापासून दोन पावलं मागे सरकली. टोचली तर आतले थर एकमेकांना भिडतात आणि ती पेट घेऊ शकते, हे त्याने मला सांगितलं, पण तोपर्यंत ते माझ्या लक्षात आलेलंच होतं.

तर फुगलेल्या पाऊचची जाडी मोजणं म्हणजे जेवणानंतर वजन करणं. खरी जाडी लपलेली असते ती नंबरात. त्याने पिवळी टेप अलगद सोलली आणि खाली सापडलं ५०३०४०. सहा आकडे, दोन-दोनच्या जोड्या. पहिली जोडी जाडी, तिच्यात मात्र दशांशचिन्ह मनात धरायचं: ५.० मिमी. मग रुंदी ३०, मग लांबी ४०. माझ्या मोजमापाप्रमाणे ८०३०४० मागवली असती, तर स्पीकरचं बूड बंदच झालं नसतं.

मी गणितात शहाणा झाल्यावर नाशिकच्या मुख्य पिनकोडवरही प्रयोग केला. ४२२००१ म्हणजे ४.२ मिमी जाड, २० मिमी रुंद आणि १ मिमी लांब बॅटरी. तेवढ्यावर पिंपळाचं पानसुद्धा गाऊ शकणार नाही.

फुगलेली वडी त्याने वाळूच्या डब्यात वेगळी ठेवली. मी तिन्ही वस्तू घेऊन दुसऱ्यांदा इंदिरानगर गाठलं. टॉर्च लागली, स्पीकर बोलला. काउंटरचं झाकणही टक्कन बसलं. मी अभिमानाने आईच्या हातात दिला.

आईने पाहिलं. आकडा अगदी ठळक, काळाभोर, चष्म्याविनाही वाचता येईल असा. शून्य.

"सत्त्याऐंशी हजार चारशे बारा," आई शांतपणे म्हणाली, आणि माळ माझ्याकडे सरकवली. "तू बस."