द्विभाजनाची ती आकृती आता बदला

द्विभाजनाची आकृती सगळ्यांनीच कधीतरी काढलेली असते. एक लांबट पेशी, आत एक गोल डीएनए, मग त्याचे दोन गोल, मग मधे भिंत आणि शेवटी दोन पिल्लं. परीक्षेत मीही अशीच काढली आणि पूर्ण मार्क घेतले. माझी तक्रार अशी की झपाट्याने वाढणाऱ्या ई. कोलाय जिवाणूच्या पेशीत असं घडूच शकत नाही.

हिशेब करून बघा. तिच्या गुणसूत्रात सुमारे 46 लाख अक्षरजोड्या असतात. नक्कल आरंभबिंदू या एकाच ठिकाणाहून दोन्ही दिशांनी निघते, दर दिशेला सेकंदाला साधारण हजार जोड्या या वेगाने, म्हणजे ती पुरी व्हायला 40 मिनिटं लागतात. त्यानंतर प्रती वेगळ्या करून भिंत घालायला आणखी 20. एकूण तास झाला. पण भरपूर अन्न मिळालं की हीच पेशी 20 मिनिटांत दुप्पट होते!

हे कोडं 1968 मध्ये कूपर आणि हेल्मस्टेटर यांनी सोडवलं. आधीची नक्कल संपायची वाट न पाहता पुढची सुरू होते. आत्ता जन्मलेल्या पेशीच्या वाट्याला आलेल्या गुणसूत्राची नक्कल तासाभरापूर्वी, तिची पणजी जन्मली तेव्हाच सुरू झालेली असते. मधल्या काळात त्याच डीएनएवर पुढच्या पिढ्यांचं काम चढलेलं असतं, त्यामुळे नवजात पेशीतसुद्धा आरंभबिंदूच्या अनेक प्रती सापडतात.

मग सुरुवात कधी करायची हे कोण ठरवतं? घड्याळ नाही, आकार. दर आरंभबिंदूमागे पेशीचं वस्तुमान ठरावीक पातळीला पोचलं की डीएनएए हे प्रथिन तिथला दुपेड गोफ उलगडतं. लगेच सेकए नावाचं दुसरं प्रथिन त्या ताज्या जागेला चिकटून बसतं, म्हणजे तीच जागा पुन्हा पेटत नाही. भिंतीच्या बाजूचा पहारा वेगळाच. जिथे डीएनएचा गोळा पसरलेला आहे तिथे स्लमए हे प्रथिन भिंतीची जागा आखणारं एफटीएसझेड प्रथिनाचं कडं जमू देत नाही. डीएनए तुटला तर सुलए हे आणखी एक प्रथिन थेट एफटीएसझेडलाच अडवतं. अशा पेशी वाढत राहतात पण तुटत नाहीत, आणि सूक्ष्मदर्शकाखाली काड्यांऐवजी शेवया दिसतात.

एवढं असूनही नक्कल आणि विभाजन यांत लगाम नेमका कोणाच्या हातात, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. मला ते वाद वाचायला आवडतात, पण आकृतीत ते घाला असं मी म्हणत नाही.

आरंभ खरंच शिस्तीत होतो का, हे तपासायची युक्ती मला फार आवडते. रिफाम्पिसिनने नवे आरंभ थांबवायचे, सेफालेक्सिनने विभाजन थांबवायचं, चालू नकला पुऱ्या होऊ द्यायच्या आणि दर पेशीतली गुणसूत्रं फ्लो सायटोमीटरने मोजायची. निरोगी पेशींत आकडे येतात 2, 4 किंवा 8, कारण सगळे आरंभबिंदू एकदमच पेटलेले असतात. सेकए नसलेल्या पेशींत मात्र 3, 5, 6, 7 असे वेडेवाकडे आकडेही दिसू लागतात.