हो, पण…

ऑडिटसाठी आलेल्या एक्सेल शीटमध्ये डावीकडे 64 कर्मचाऱ्यांची नावं होती आणि उजवीकडे तीन रकाने: स्पर्धाबंदी, गोपनीयता, बौद्धिक संपदा. ज्याच्या-त्याच्या नोकरीच्या करारात ते कलम आहे का, याचं प्रत्येक चौकटीत ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच निवडायचं. ही शीट बनवणाऱ्याने आयुष्यात एकही नोकरीचा करार वाचलेला नाही, हे मला पहिल्याच करारात कळलं. करार असे सरळ उत्तर देत नाहीत. घरातल्या जुन्याजाणत्या मंडळींना काही विचारावं, तसं त्यांचं असतं. आधी ‘हो’ म्हणतात, मग ‘पण’ म्हणतात, आणि त्यानंतर दीड पान बोलतात.

साहेबांचा सल्ला सोपा होता. “कंट्रोल-एफ मार, शब्द शोध, संपलं.” मी शब्द टाकला. शून्य निकाल. दुसरा करार उघडला, पुन्हा शून्य. कंपनीत कोणावरच कसलंही बंधन नाही या आनंदात असतानाच लक्षात आलं, की अर्ध्या फायली म्हणजे स्कॅन केलेले फोटो आहेत. त्यांच्यात अक्षरं दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते निव्वळ चित्र असतं. मग त्यांच्यावर अक्षरओळख चालवली. तिने 12 महिन्यांचे 72 केले आणि एका माणसाला सहा वर्षं घरी बसवलं. तेव्हापासून मुदतीचा आकडा मी मूळ पानावर डोळ्यांनीच वाचतो.

शीर्षकांवर तर अजिबात विश्वास ठेवू नये. ‘स्पर्धाबंदी’ असं ठळक अक्षरांत लिहिलेल्या कलमाखाली निघालं काय, तर नोकरीत असताना दुसरी नोकरी करू नये. अहो, हे तर सगळेच लिहितात! आणखी एका ठिकाणी त्याच शीर्षकाखाली, सोडून जाताना कंपनीचे ग्राहक आणि सहकारी फोडून नेऊ नयेत, असं होतं. तेही वेगळंच बंधन. खरी स्पर्धाबंदी, म्हणजे नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्ध्याकडे जायचं नाही ही अट, मला सापडली ‘हितसंबंधांचा संघर्ष’ या निरुपद्रवी शीर्षकाखाली. नातेवाइकांच्या कंपन्यांविषयीच्या एका लांबलचक वाक्याच्या शेपटाला “आणि नोकरी संपल्यानंतर 12 महिनेपर्यंत” एवढे शब्द अंग चोरून बसले होते.

यावर एकच उपाय चालतो. करार नावांप्रमाणे वाचायचे नाहीत, साच्याप्रमाणे वाचायचे. पानाच्या तळाशी मसुद्याची आवृत्ती बारीक अक्षरांत छापलेली असते. त्यावरून आमच्या 64 करारांचे चार साचे निघाले. प्रत्येक साच्याचा एक नमुना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचा आणि बाकीचे त्याच्याशी ताडून फक्त फरक बघायचे. फरक निघतातच. घासाघीस करण्यात पटाईत असा एखादा माणूस असतोच, ज्याने रुजू होतानाच कलम 9 उडवून घेतलेलं असतं. तिथे आता “हे कलम हेतुतः रिकामे ठेवले आहे” असं लिहिलेलं असतं. त्या चौकटीत ‘नाही’ भरताना मला त्या अनोळखी माणसाविषयी फार आदर वाटला.

मग आला 26 नंबर. त्याचं नाव सांगत नाही, गोपनीयतेचा रकाना माझ्याच हातात आहे. या गृहस्थांच्या फायलीत तीन कागद होते. नियुक्तीपत्रात स्पर्धाबंदी 6 महिने. नंतर सही झालेल्या करारात 12 महिने, आणि शेवटी “यापूर्वीचे सर्व समझोते या कराराने रद्द होतात”. चला, प्रश्न मिटला, असं म्हणून मी 12 लिहिले. तिसरा कागद बढतीचं पत्र होतं. पगार, पद, अभिनंदन, आणि खाली एक ओळ: “इतर अटी मूळ नियुक्तीपत्राप्रमाणेच राहतील.” म्हणजे जे रद्द झालं होतं, ते बढतीबरोबर परत आलं? एचआरमधल्या मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, “ते पत्र आम्ही सगळ्यांनाच तसं देतो हो.” हे उत्तर ऐकून मी उरलेल्या सगळ्या बढतीपत्रांकडे नव्या भीतीने पाहू लागलो.

त्याच फायलीतलं बौद्धिक संपदेचं कलम वरवर सज्जन होतं. कर्मचारी आपले शोध कंपनीकडे “हस्तांतरित करण्याचे मान्य करतो”. बाकीच्या तीन साच्यांत मात्र “याद्वारे हस्तांतरित करतो” असं होतं. साहेब म्हणाले, “एकच ते.” एकच नाही ते. पहिलं वचन आहे, दुसरा व्यवहार. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या एका संशोधकाने विद्यापीठाला पहिल्या प्रकारचं लिहून दिलं होतं. पुढे सीटस नावाच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत काम शिकायला गेल्यावर त्याने तिथल्या पाहुण्यांसाठीच्या गोपनीयतेच्या कागदावर सही केली, आणि त्यात दुसऱ्या प्रकारचं वाक्य होतं. सीटसचा तो व्यवसाय नंतर रोशने घेतला. एचआयव्ही मोजण्याच्या पद्धतीवरून दोघांचं भांडण न्यायालयात गेलं, पेटंटमध्ये रोशचाही हिस्सा ठरला आणि स्टॅनफर्डचा दावा टिकला नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, 2011 मध्ये तिथेही स्टॅनफर्ड हरलं. यात मला सगळ्यात जास्त झोंबलं ते हे, की मालकी हलवणारं वाक्य गोपनीयतेच्या कागदात होतं. माझ्या शीटप्रमाणे तो कागद फक्त मधल्या रकान्यात गेला असता.

शिवाय 26 नंबरने नोकरीआधी स्वतः केलेल्या कामांची यादी “परिशिष्ट क मध्ये दिली आहे” असं करार म्हणत होता. परिशिष्ट अ होतं. ब होतं. क नव्हतं. ते कोरं होतं, हरवलं, की कधी जोडलंच नाही, यावर त्या माणसाचं जुनं सॉफ्टवेअर कोणाचं हे ठरणार. अशा ठिकाणी ‘नाही’ लिहिणं सर्वांत धोक्याचं. ‘नाही’ म्हणजे सगळे कागद वाचले आणि कलम नव्हतं. कागदच हाती नसेल तर ते ‘कागद अपुरा’. म्हणून मी यादीत हा तिसरा पर्याय घुसडला, आणि चौथा, ‘वकिलांना विचारा’. शेजारी कागदाचं नाव, कलम क्रमांक, मूळ वाक्य जसंच्या तसं, मुदत आणि ती कधीपासून मोजायची, हेही लिहिलं. राजीनाम्याच्या तारखेपासून की शेवटच्या दिवसापासून, यात नोटिशीचे पुरते तीन महिने इकडचे तिकडे होतात.

शेवटचा रकाना लागू कायद्याचा. तो मी हट्टाने ठेवला. कॅलिफोर्नियात नोकरीनंतरची स्पर्धाबंदी जवळजवळ सरसकट रद्दबातल असते. भारतातही करार कायदा 1872 च्या कलम 27 मुळे ती सहसा टिकत नाही. साहेब म्हणाले, “मग त्या ठिकाणी ‘नाही’ लिही की!” मी म्हटलं, सर, कागदात काय आहे ते आपण लिहायचं. ते चालेल की नाही हे वकील सांगतील, त्याचे ते पैसे घेतात. हे दुसरं वाक्य त्यांना लगेच पटलं.

यादी ऑडिटच्या मॅडमकडे गेली. त्यांनी पडताळणीसाठी पाच नावं उचलली. 26 त्यांत होताच, अशी माणसं नमुन्यात येतातच. त्यांनी तिन्ही कागद वाचले, माझी टीप वाचली, आणि म्हणाल्या, “काम चोख आहे. फक्त तुमच्या टिपा छापताना पानाबाहेर जातात. त्या वेगळ्या काढा आणि परिशिष्ट म्हणून जोडा.”

जोडलं. मेल पाठवल्यावर पाठवलेल्या पेटीत जाऊन ते खरंच जोडलं गेलंय ना, हेही उघडून पाहिलं.