धोतर दिसलं की ‘तू’

सांगलीत एखाद्या काउंटरमागची खुर्ची आपल्याला नुकतीच मिळाली असेल, तर प्रथम आपलं मनःपूर्वक अभिनंदन. आता आपल्यासमोर रोज नाना वयाची माणसं येणार. मराठीची अडचण अशी की तोंड उघडलं की समोरच्याला आपण काय समजतो ते बाहेर पडतं. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ गाळता येतात, पण ‘बस’ आणि ‘बसा’ यांच्या मधे उभं राहायला जागा नाही. यासाठी काही सूचना देत आहे. आपण त्या गोड मानून घ्याव्यात.

पहिली सूचना, वय बघू नये, कपडे बघावेत. धोतर, टोपी, नऊवारी, झिजलेल्या वहाणा दिसल्या की ‘तू’. कडक इस्त्री असेल तर ‘तुम्ही’. हातात चारचाकीची किल्ली असेल तर ‘आपण’, आणि चहा.

माणूस नेमका कोण हे कळत नसेल तेव्हा ‘-यचं’ लावून बोलावं. ‘इकडं सही करायची’, ‘तिकडं बसायचं’, ‘सोमवारी यायचं’. यात मान नाही आणि अपमानही पकडता येत नाही. भूतकाळातही एक पळवाट आहे. ‘फॉर्म भरला का?’, ‘पैसे काढले का?’ असं विचारलं की क्रियापद फॉर्मशी आणि पैशांशी जुळतं, माणसाला हात लावावाच लागत नाही. फक्त येण्या-जाण्याबद्दल विचारू नका. ‘कधी आलास’ की ‘कधी आलात’ इथं तुम्ही सापडलातच. अगदी सुसंस्कृत दिसायचं असेल तर ‘आपण इथं सही करायची’ असं म्हणा. म्हातारा माणूस तुमच्याकडं बघत राहतो, की हे साहेबपण करणार आहेत की काय सही.

कर्ज देताना ‘आपण’, हप्त्याच्या तारखेला ‘तुम्ही’, हप्ता चुकला की ‘तू’. ही उतरण कुणाला शिकवावी लागत नाही.

आता सगळ्यात उपयोगी सूचना. आधी नात्याची हाक मारावी, मग क्रियापद कसंही वापरावं. ‘मामा’ म्हटलं की झालं, पुढं ‘पाणी आण’ चालतं. मामा म्हणजे ऑफिसातले शिपाई, पुढल्या वर्षी निवृत्त होणारे, तुमच्या वडिलांपेक्षा मोठे. झाडायला येतात त्या मावशी, आणि मावशींना ‘ए, इथला केर राहिलाय बघ’. त्याच खोलीत तुमच्याहून दोन वर्षांनी लहान असलेला नवा अधिकारी मात्र ‘सर, तुम्ही जेवून घ्या ना’. मामांना मामा केल्यामुळं आपण त्यांना घरातलं मानतो असं वाटतं. तुम्हालाच वाटतं, त्यांना नाही.

गेल्या नोव्हेंबरात हे मी अगदी जवळून पाहिलं. नोव्हेंबर म्हणजे हयातीच्या दाखल्याचा महिना, पेन्शनवाल्यांनी आपण जिवंत आहोत हे दाखवायचं. वडिलांना घेऊन एका बँकेत गेलो. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. मिरजेला रेल्वेत नोकरी केली, आता वय ८२, धोतर आणि टोपी. या वयात बोटांवरच्या रेषा झिजतात आणि यंत्राला ठसा लागत नाही. हे त्या खुर्चीवरच्या पोराला महिनाभर दर म्हाताऱ्या माणसामागं दिसत असणार. बोट पुसून बघावं, कोरडं पडलं असेल तर जरा ओलसर करावं, दुसरं बोट घ्यावं; आणि नाहीच जमलं तर चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आता झालेली आहे. त्यानं काय केलं? ‘ए बाबा, नीट दाब की. हलवू नको. काय शेती करत होतास काय?’

आणि अण्णा म्हणाले, ‘साहेब, तुम्ही सांगाल ते बोट ठेवतो.’

पंचविशीच्या पोराला साहेब आणि तुम्ही! ते कुणालाही तुम्हीच म्हणतात, अगदी पेपर टाकणाऱ्या मुलालासुद्धा. मी म्हटलं, अहो, जरा नीट बोला. त्यावर तो इतक्या मनापासून हसला की रागवायचं तरी कसं. ‘अहो, आपुलकीनं म्हणतो हो. माझ्या आजोबासारखा आहे तो.’

आहे तो. सारवासारव करतानाही ‘आहेत ते’ तोंडातून निघेना. मला ‘अहो’ आणि त्यांना ‘तो’, कारण मी पँट घातली होती.

या आपुलकीचं मला फार कौतुक आहे. आमच्याकडं घरोघरी आई तू असते, आजी तू असते, मावशी, आत्यासुद्धा तू. वडील आणि काका मात्र तुम्ही. का, ते कुणी सांगू शकत नाही, पण बिघडतही नाही. आजीला तू म्हणायचा हक्क तुम्हाला तिच्या मांडीवर मिळालेला असतो. काउंटरवर तो पासबुकाबरोबर मिळत नाही. टोकन घेऊन ताटकळत उभ्या असलेल्या बाईनं तुम्हाला कधी मांडीवर घेतलं होतं?

दुसरं एक ठरलेलं उत्तर असतं, ‘आमची भाषाच रांगडी, मनात काही नसतं.’ कुणाची रांगडी? आटपाडीला, माण-खटावला जा. अनोळखी माणूस दारात दिसला की विचारतात, ‘पाव्हणं, येणं कुठनं झालं?’ तुमच्या ‘सही करायची’सारखंच हेही कुणाचं नाव न घेता बोलणं आहे, पण यात पाण्याचा तांब्या बरोबर येतो. ‘आबा आलं’, ‘मामा गेलं’ असं खेड्यातलं माणूस म्हणतं तेव्हा शहरातल्या कानांना ते नपुंसकलिंग वाटतं आणि हसू येतं. ते ‘आले’, ‘गेले’ असतं. ‘पाहुणे’चं ‘पाव्हणं’ होतं, तसंच ‘आले’चं ‘आलं’. अस्सल आदरार्थी बहुवचन! ज्या बोलीत माघारीसुद्धा आबांना एकवचन लागत नाही, तिच्या नावावर तुम्ही आपलं ‘ए बाबा’ खपवता?

रांगड्या बोलीला मध्ये आणू नका. तसं असतं तर चारचाकीवाल्यालाही ‘ए, बोट दाब’ म्हणाला असतात. त्या दिवशी आमच्या मागं पांढऱ्याशुभ्र शर्टातला एक माणूस होता, तिशीचा असेल नसेल. त्याला ‘बसा की साहेब’ म्हणताना जीभ बरोबर वळली. म्हणजे येतं. सगळं येतं. कुणासाठी वळवायची तेवढं ठरवलेलं आहे.

आता मी तुलाच सांगतो. हो, तुला. ‘तू’ म्हटल्यावर कान टवकारलेस ना? पंचविसाव्या वर्षी तुला हे लागतं, आणि बोटाच्या रेषा झिजेपर्यंत काम केलेल्या माणसाला लागत नाही असं तुला वाटतं? ऐकू कमी येतं म्हणून त्यांना क्रियापद कळत नाही असं समजतोस? ते उलट बोलत नाहीत, कारण दाखला तुझ्या हातात आहे आणि पुढच्या महिन्याची पेन्शन त्यावर आहे. हे तुला पक्कं माहीत आहे, म्हणूनच जीभ सैल सुटते. ती तुझ्या साहेबासमोर सोडून दाखव. नाही ना होत? मग उद्यापासून मामांना ‘पाणी आणता का’ म्हण, मावशींना ‘अहो मावशी’ म्हण, आणि धोतरातलं माणूस आलं की खुर्ची पुढं सरकवून ‘बसा’ म्हण.