सोळा कॅमेरे, दोन टीबीची डिस्क आणि म्हणे तीस दिवसांचं रेकॉर्डिंग!

सोसायटीच्या नोटीस बोर्डावर सेक्रेटरींची सही-शिक्क्यासकट नोटीस लागते: गेट, पार्किंग, लिफ्ट आणि प्रत्येक मजल्याची लॉबी मिळून 16 कॅमेरे बसवले आहेत, रेकॉर्डिंग 30 दिवस राहील, सभासदांच्या गोपनीयतेची काळजी घेतली जाईल. डोकं फिरतं ते शेवटच्या दोन वाक्यांनी.

आधी ते 30 दिवस. कोटेशन उघडून बघा, हार्ड डिस्क 2 टीबीची लिहिलेली असते. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा 2 एमबीपीएसवर सतत रेकॉर्ड करत असेल, तर एकटा दिवसाला साधारण 21.6 जीबी खातो. सोळांचे झाले जवळपास 345 जीबी. म्हणजे सहावा दिवस संपायच्या आत डिस्क भरते आणि मशीन जुनं पुसून त्यावर नवं लिहायला लागतं. एक तारखेला पार्किंगमधल्या गाडीला कुणी ठोकलं आणि मालक गावाहून दहा तारखेला आला, की त्याला उत्तर मिळतं, "अहो, रेकॉर्डिंग सापडत नाहीये." सापडणार कुठून, ते केव्हाच पुसलं गेलंय! 30 दिवस हवे असतील तर 10 टीबीच्या वर जागा लागते. हालचाल झाली तरच रेकॉर्ड करायचं सेटिंग लावलं तर कमीत भागेल, पण किती दिवस पुरतं ते प्लेबॅकमध्ये सगळ्यात जुनी तारीख बघून तपासा आणि मग नोटिशीत आकडा लिहा. एवढंही होत नाही?

आणि गोपनीयतेची काळजी म्हणजे नेमकं काय? लॉबीतला कॅमेरा लिफ्टसमोरच्या कोपऱ्यात ठोकतात, तो थेट समोरच्या फ्लॅटच्या दारावर. दार उघडलं की हॉलमधला सोफा, त्यावर बसलेली माणसं, सगळं ऑफिसच्या स्क्रीनवर. हे टाळायला पैसा लागत नाही. कॅमेरा जिन्याकडे वळवायचा. जागाच तशी नसेल तर मेनूत प्रायव्हसी मास्क असतो, त्यात दारावर काळा चौकोन ओढायचा, तेवढा भाग रेकॉर्डच होत नाही. मग ज्यांचं दार आहे त्यांना ऑफिसात बोलावून, दार सताड उघडं ठेवून स्क्रीन दाखवायची. दहा मिनिटांचं काम आहे हो! पण बसवणारा पोरगा घाईत असतो आणि त्याला हे करायला कुणी सांगतच नाही.

त्यात आवाजाबद्दल नोटिशीत अक्षर नाही. आजकाल कितीतरी कॅमेऱ्यांत माइक असतो. लॉबीत उभं राहून बायका काय बोलतात ते सोसायटीने का साठवायचं? ऑडिओ बंद करा आणि केलाय असं लेखी द्या.

अ‍ॅडमिन पासवर्ड तर सेक्रेटरी, खजिनदार, वॉचमन आणि बसवणारा, सगळ्यांकडे एकच. मग एखादी क्लिप सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आली की ती कुणी काढली ते कधीच कळत नाही. प्रत्येकाला वेगळं लॉगिन द्या, वॉचमनला फक्त लाइव्ह दिसू दे, आणि क्लिप हवी असेल त्याच्याकडून तारीख, वेळ, कारण लिहिलेला अर्ज घ्या. हे सगळं नोटिशीत लिहा, नाहीतर ती नोटीस काढून टाका.